किलो कशाचे, टक्के कशाचे?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मार्चअखेर उभा राहतो, एप्रिलमध्ये त्याचा अहवाल बांधला जातो आणि त्याच सुमारास एखाद्या परिषदेची सूचना विभागाच्या फलकावर लागते. निबंध इंग्रजीत हवा असतो. अहवाल मराठीत लिहिलेला असेल, तर गोषवारा आणि निष्कर्ष ही दोन प्रकरणे सर्वांत आधी इंग्रजीत न्यावी लागतात, कारण परिषदेचे परीक्षक बहुधा तेवढेच वाचून निबंध पुढे न्यायचा की नाही ते ठरवतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी मराठीसह काही भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली. पदविकेच्या विद्यार्थ्यांनाही महाराष्ट्रात मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय मिळाला. विद्यार्थी वर्कशॉपमध्ये जी भाषा बोलतात त्याच भाषेत अहवाल लिहिण्याची सोय झाली, पण परिषदांची भाषा इंग्रजीच राहिली. मधला हा दीड-दोन पानांचा पूल विद्यार्थ्यांना स्वतःच बांधावा लागतो.

बहुतेक गट त्यासाठी इंग्रजी बरे असलेल्या एखाद्या मित्राला किंवा नातेवाइकाला गाठतात. त्याच्या हाती गोषवाऱ्याचे पान येते आणि तो वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत जातो. व्याकरण बरोबर येते, शब्दही बरे येतात, आणि तरीही परीक्षकाकडून तीन-चार प्रश्न घेऊन निबंध परत येतो. ते प्रश्न भाषेविषयी नसतात. किती शेंगा घातल्या, टक्के कशाचे, तुलना कशाशी केली, असे ते साधे प्रश्न असतात. मराठी वाक्यात ही माहिती मुळातच नसते. घरच्या वाचकाला ती गृहीत धरता येते, बाहेरच्या वाचकाला येत नाही. म्हणून हे भाषांतर करणाऱ्याला मराठी मजकुरापेक्षा प्रयोगाची नोंदवही जास्त लागते.

हे एका उदाहरणातून पाहू. पुढचा प्रकल्प आणि त्याचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, त्यातल्या चुका मात्र दरवर्षी होणाऱ्या आहेत. चार विद्यार्थ्यांच्या गटाने भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे हातयंत्र केले आहे. लोखंडी चौकटीत अर्धगोल जाळी बसवली आहे. जाळीच्या वर एक लिव्हर मागे-पुढे होतो आणि त्याला लावलेले लोखंडी दात शेंगा जाळीवर दाबून फोडतात. दाणे आणि टरफले जाळीच्या खाचांतून खाली पडतात आणि मग सुपाने पाखडून वेगळी केली जातात. असे यंत्र बाजारात मिळते. त्यात दाणे फार तुटतात, म्हणून गटाने लोखंडी दात काढून रबरी पट्ट्या बसवल्या. अहवालातला गोषवारा असा:

‘भुईमुगाच्या शेंगा हाताने फोडणे हे अत्यंत वेळखाऊ व कष्टाचे काम आहे. सदर प्रकल्पात अल्पभूधारक शेतकऱ्यांना परवडेल असे हातयंत्र विकसित करण्यात आले असून त्याद्वारे तासाला ४० किलो शेंगदाणे फोडले जातात. यंत्राची कार्यक्षमता ९४ टक्के असून रबरी पट्ट्यांमुळे दाण्यांची तुटफूट ४ टक्क्यांनी कमी झाली आहे. सदर यंत्र बियाण्यासाठीही उपयुक्त असून शेतकऱ्यांसाठी वरदान ठरेल.’

मराठी वाचकाला यात खटकण्यासारखे काही नाही. इंग्रजीत नेताना मात्र जवळपास प्रत्येक वाक्याशी थांबावे लागते.

चाळीस किलोंचा हिशेब

‘तासाला ४० किलो शेंगदाणे फोडले जातात.’ बोलताना आपण शेंगांनाही शेंगदाणे म्हणून जातो. इंग्रजीत टरफलासकट शेंग म्हणजे पॉड आणि आतला दाणा म्हणजे कर्नल. दोन्ही शब्द ठरलेले आहेत, त्यांची अदलाबदल चालत नाही. भाषांतर करणाऱ्याने ‘शेंगदाणे’ वाचून कर्नल लिहिले, तर यंत्र तासाला ४० किलो दाणे काढते असा अर्थ होतो. नोंदवहीत पाहिले, तर १० किलो शेंगा १५ मिनिटांत फोडल्याची नोंद आहे. म्हणजे ४० किलो हा आकडा शेंगांचा आहे.

त्या १० किलोंचे पुढे काय झाले, तेही नोंदवहीत आहे. ६०० ग्रॅम शेंगा न फुटता राहिल्या, साडेसहा किलो दाणे मिळाले आणि उरलेली २ किलो ९०० ग्रॅम टरफले होती. म्हणजे दाण्यांच्या हिशेबाने यंत्राचा वेग तासाला २६ किलोच आहे. एका शब्दाच्या चुकीने यंत्र दीडपट वेगवान ठरले असते. परिषदेत शेती-यंत्रांची माहिती असलेला कोणी बसला असेल, तर त्याला तो आकडा ऐकताच शंका येईल, कारण शेंगांच्या वजनात दाण्यांचा वाटा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असतो, हे त्याला पाठ असते.

आता पुढचा प्रश्न. १५ मिनिटांत नेमकी कोणकोणती कामे धरली? इथे मार्गदर्शक शिक्षकांना गटाला समोर बसवून विचारावे लागते.

‘पाखडायचा वेळ यात आहे का?’

‘नाही सर, फक्त लिव्हर मारायचा. पाखडायला वेगळी दहा मिनिटं लागली.’

म्हणजे साफ दाणा हाती यायला २५ मिनिटे लागली, आणि त्या हिशेबाने यंत्राचा वेग तासाला २४ किलो शेंगा एवढाच भरतो. दोन्ही आकडे खरे आहेत. इंग्रजी वाक्यात ४० किलो लिहायला हरकत नाही, पण तो वेग फक्त फोडण्याचा आहे आणि पाखडणे त्यात धरलेले नाही, हे त्याच वाक्यात यायला हवे. लिव्हर एकाच माणसाने चालवला की दोघे आलटून-पालटून चालवत होते, तेही सांगायला हवे. हातयंत्रात माणूस हीच मोटार असते, आणि पंधरा मिनिटे मारलेला वेग तासभर टिकतोच असे नाही. तासभराची चाचणी झाली नसेल, तर ‘तासाला’ हा आकडा पंधरा मिनिटांवरून काढलेला आहे, हेही वाचकाला कळले पाहिजे.

कार्यक्षमता कोणती?

‘यंत्राची कार्यक्षमता ९४ टक्के’ हे वाक्य भाषांतरात सर्वांत सोपे वाटते. कार्यक्षमता म्हणजे एफिशियन्सी, आणि वाक्य झाले. पण मेकॅनिकल इंजिनिअरसमोर नुसते एफिशियन्सी म्हटले की त्याच्या मनात यंत्राला दिलेली ऊर्जा आणि त्यातून मिळालेले काम यांचे गुणोत्तर उभे राहते. हाताने हलवायच्या लिव्हरच्या यंत्रात ते ९४ टक्के असेल यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि गटाने ते मोजलेलेही नाही. गटाने मोजले ते असे की १० किलोंपैकी ९ किलो ४०० ग्रॅम शेंगा फुटल्या. याला शेती-यंत्रांच्या परिभाषेत शेलिंग एफिशियन्सी म्हणतात. तो एक शब्द जोडला की वाक्य बरोबर होते, न जोडता सोडले की चूक होते.

मराठीत कार्यक्षमता हा शब्द आणखीही कामे करतो. यंत्र चांगले चालते, लवकर काम करते, कमी इंधन खाते, या सगळ्याला आपण कार्यक्षम म्हणतो. ‘क्षमता’ नुसती आली तर ती कधी भरून घेण्याची असते, कधी तासाला किती काम होते याची असते, तर कधी किती भार सहन होतो याची असते. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळ्या संज्ञा आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश अशा वेळी उपयोगी पडतात, पण ते मुळात इंग्रजी संज्ञेला मराठी पर्याय देण्यासाठी रचलेले आहेत. उलट दिशेने जाताना एका मराठी शब्दापुढे तीन-चार इंग्रजी संज्ञा उभ्या राहतात आणि त्यांतली कोणती घ्यायची ते कोश सांगत नाही. ते सूत्र सांगते. अहवालात ९४ हा आकडा कोणत्या सूत्रातून आला ते पाहावे, अंशस्थानी काय आहे आणि छेदस्थानी काय आहे ते वाचावे. संज्ञा तिथेच सापडते. भारतीय मानक ब्यूरो शेती-यंत्रांसाठी चाचणी-संहिता प्रसिद्ध करते. आपल्या यंत्राची संहिता असेल, तर तीत अशा संज्ञांच्या व्याख्या मिळतात, आणि त्याच संज्ञा वापरल्या की परीक्षकाला वेगळे काही विचारावे लागत नाही.

चार टक्के की छत्तीस?

‘तुटफूट ४ टक्क्यांनी कमी झाली.’ नोंदवहीप्रमाणे लोखंडी दात असताना ११ टक्के दाणे तुटत होते, रबरी पट्ट्या लावल्यावर ७ टक्के तुटले. ११ मधून ७ गेले की ४ उरतात, हे खरे. पण मूळच्या ११ च्या तुलनेत पाहिले तर तुटफूट सुमारे ३६ टक्क्यांनी घटली आहे. इंग्रजीत नुसते ‘रिड्यूस्ड बाय ४ पर्सेंट’ लिहिले, तर वाचक ११ च्या ४ टक्के धरू शकतो आणि तुटफूट साडेदहाच्या आसपास आली असे समजू शकतो. म्हणजे गटाने केलेले चांगले काम भाषांतरातच खाली जाते. फरक टक्केवारीच्या अंकांत सांगायचा असेल तेव्हा इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणतात. त्याहून सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे दोन्ही मूळ आकडे द्यावेत: ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. मग गोंधळाला जागाच उरत नाही.

शिवाय हे ७ टक्के कशाचे? नोंदवहीत तुटलेले दाणे ४५५ ग्रॅम आहेत. साडेसहा किलो दाण्यांत ते बरोबर ७ टक्के होतात. घातलेल्या १० किलो शेंगांच्या हिशेबात ते साडेचार टक्केच भरतात. काही गट एका ठिकाणी एक छेद घेतात आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा. गोषवाऱ्यात ७ आणि निष्कर्षात साडेचार असे दोन आकडे दिसले, तर परीक्षकाचा पूर्ण तक्त्यावरचा विश्वास उडतो. भाषांतर करताना टक्क्याच्या प्रत्येक चिन्हाशी थांबून त्याचा छेद लिहून ठेवला, तर अशी विसंगती तिथेच सापडते.

आणि तुटफूट म्हणजे तरी काय? दाण्याच्या दोन पाकळ्या झाल्या तर त्याला इंग्रजीत स्प्लिट म्हणतात, तुकडे झाले तर ब्रोकन. साल खरवडली गेली पण दाणा आख्खा राहिला, तर तो आणखी तिसरा प्रकार. तेल काढायचे असेल तर या फरकाने फारसे बिघडत नाही. बियाणे म्हणून पेरायचे असेल तर पाकळ्या झालेला दाणा वाया गेलेला असतो, आणि साल खरवडलेल्या दाण्याचाही भरवसा नसतो. गटाने पाकळ्या आणि तुकडे एकत्र तोलले होते. इंग्रजीत तसेच लिहावे, की तुटलेल्या दाण्यांत दोन्ही धरले आहेत. एका उपवाक्यात ते बसते.

‘मुळे’ या प्रत्ययाचे वजन

निष्कर्षाचे प्रकरण गोषवाऱ्यापेक्षा अवघड असते, कारण त्यात दावे असतात. आपल्या उदाहरणात सर्वांत मोठा दावा दोन अक्षरांत दडला आहे: रबरी पट्ट्यांमुळे. मराठीत ‘मुळे’ फार सहज येते. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी आपण त्याने जोडून टाकतो. इंग्रजीत ‘ड्यू टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ लिहिले की तो कारणाचा दावा होतो, आणि परीक्षक त्याचा पुरावा शोधू लागतो.

नोंदवहीचे मागचे पान पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. लोखंडी दात असताना दात आणि जाळी यांच्यातली फट १४ मिलिमीटर होती. रबरी पट्ट्या बसवताना भोके जुळेनात म्हणून आधारपट्टी वर घ्यावी लागली आणि फट १६ मिलिमीटर झाली. फट वाढली की दाण्यावरचा दाब कमी होतो आणि तुटफूट घटते, हे या यंत्रांत सर्वांना माहीत आहे. म्हणजे ११ वरून ७ वर येण्यात रबराचा वाटा किती आणि फटीचा किती, ते या प्रयोगातून सांगता येत नाही. मराठी अहवालात हे कोणी लपवले नव्हते. ती नोंद चौथ्या प्रकरणात होती, निष्कर्षात ‘रबरी पट्ट्यांमुळे’ आले होते, आणि दोन्ही एकत्र वाचायची वेळ कोणावर आली नव्हती. भाषांतराने ती आणली.

अशा वेळी दोन मार्ग असतात. इंग्रजी निष्कर्षात स्पष्ट लिहायचे, की रबरी पट्ट्या आणि १६ मिलिमीटर फट असताना तुटफूट ७ टक्के होती, लोखंडी दात आणि १४ मिलिमीटर फट असताना ती ११ टक्के होती, आणि दोन बदलांचा वेगवेगळा परिणाम तपासलेला नाही. किंवा यंत्र अजून वर्कशॉपमध्येच असेल तर एक आधारपट्टी नव्याने भोके पाडून बसवायची आणि रबराबरोबर १४ मिलिमीटर फटीवर चाचणी घ्यायची. दहा-दहा किलो शेंगांच्या काही फेऱ्या, म्हणजे एका दुपारचे काम आहे. त्यानंतर जो आकडा येईल तो ‘मुळे’ लिहायचा हक्क देईल किंवा काढून घेईल.

‘बियाण्यासाठीही उपयुक्त’ हा दुसरा दावा. त्यासाठी फोडलेले दाणे उगवून पाहावे लागतात आणि हाताने सोललेल्या दाण्यांच्या उगवणीशी ताडून पाहावे लागतात. गटाने ते केलेले नाही. म्हणून हे वाक्य निष्कर्षातून निघून पुढच्या कामाच्या यादीत जाते. तिथे ते उगवण-चाचणी करायची आहे अशा रूपात राहू शकते. ‘शेतकऱ्यांसाठी वरदान’ हे मात्र कुठेच जात नाही. मराठी अहवालाच्या शेवटी तसे एक वाक्य लिहायची रीत पडली आहे. इंग्रजी निबंधात त्याची जागा एखाद्या मोजलेल्या गोष्टीने घ्यायची असते. सामानाचा खर्च किती आला, त्यात मजुरी धरली की नाही, हे लिहिले तर परवडते की नाही ते वाचक स्वतः ठरवतो.

‘सिद्ध झाले’, ‘आढळले’, ‘दिसून आले’ आणि ‘वाटते’ या चार क्रियापदांत मराठी अहवाल फारसा फरक करत नाहीत. इंग्रजीत त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ‘प्रूव्ह’ हे यंत्राच्या चाचणीत जवळजवळ कधीच येत नाही. मोजले ते ‘मेझर्ड’, फेऱ्यांमधून सातत्याने दिसले ते ‘शोड’ किंवा ‘इंडिकेटेड’, आणि अंदाज असेल तर ‘मे’. कोणते घ्यायचे ते वाक्याच्या डौलावर ठरत नाही. चाचणीच्या फेऱ्या किती झाल्या आणि त्यांच्या आकड्यांत किती फरक पडला, यावर ठरते.

‘विकसित करण्यात आले’ याचीही तीच गोष्ट आहे. त्याचे ‘डेव्हलप्ड’ करणे सोपे आहे. पण लिव्हरचे यंत्र आधीपासून वापरात आहे आणि गटाने त्याचे दात बदलले. म्हणून ‘मॉडिफाइड’ हाच शब्द खरा आहे. तो लहान वाटला तरी त्याने निबंधाचे मोल कमी होत नाही. उलट वाचकाला पहिल्याच ओळीत कळते की नेमके काय नवे आहे, आणि तो तेवढ्यासाठीच पुढे वाचतो.

वर्कशॉपची मापे

निबंधात यंत्राची मापेही द्यावी लागतात. वर्कशॉपमधला मिस्त्री सळईचे माप सुतात सांगतो आणि विद्यार्थी ते तसेच वहीत उतरवून घेतात. ‘पाच सुताची सळई’ म्हणजे पाच-अष्टमांश इंच, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरमध्ये ते १५.९ होते. सूत परिषदेत कोणाला कळणार नाही, म्हणून रूपांतर हवे. पण रूपांतराआधी व्हर्निअर लावून पाहणे बरे, कारण बाजारात मागताना पाच सूत म्हटले तरी दुकानदार बऱ्याचदा १६ मिलिमीटरची सळई देतो, आणि लिहायचे असते ते हातातल्या सळईचे माप.

पत्र्याचे गेज त्याहून फसवे असते. ‘१६ गेज’ हे आपल्याकडे बहुधा ब्रिटिश मोजणीतले असते, त्याची जाडी १.६३ मिलिमीटर. अमेरिकी मोजणीतला १६ गेजचा पोलादी पत्रा १.५२ मिलिमीटर असतो. वाचणारा कुठला आहे ते माहीत नसते, तेव्हा गेज सोडून मिलिमीटरच लिहावेत. ‘खाच’ या शब्दाचेही तसेच आहे. जाळीतली लांबट खाच स्लॉट, शाफ्टवर चावी बसवायची खाच की-वे, बेल्ट बसायची खाच ग्रूव्ह. आकृती समोर ठेवली तर चूक होत नाही. एककांच्या चिन्हांतही शिस्त लागते. किलोग्रॅमचे चिन्ह kg असे लहान अक्षरांत येते, त्याला अनेकवचनाचा s लागत नाही, आणि आकडा व चिन्ह यांच्यात एक जागा सोडतात: 40 kg/h.

शेंगांचा ओलावा हे असे माप आहे जे गोषवाऱ्यात बहुधा नसतेच, आणि परीक्षक ते हमखास विचारतो. फार कोरड्या शेंगांतले दाणे पटकन तुटतात, म्हणून फोडण्याआधी शेंगांवर पाण्याचा हात मारायची पद्धत आहे. अहवालात ‘शेंगा किंचित ओलवून घेतल्या’ एवढेच आहे. ओलावा मोजला असेल तर तो कोणत्या पायावर, तेही लिहावे लागते. १०० ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये वाळवून ९२ ग्रॅम राहिला, तर ओल्या वजनाच्या पायावर ओलावा ८ टक्के होतो आणि कोरड्या वजनाच्या पायावर ८.७ टक्के. इंग्रजीत त्याला वेट बेसिस आणि ड्राय बेसिस म्हणतात. ओलावा मोजलाच नसेल तर अंदाजाने आकडा घालू नये. उन्हात वाळवलेल्या शेंगांवर पाणी शिंपडून घेतले, ओलावा मोजलेला नाही, असे लिहिले तर ती मर्यादा ठरते. खोटा आकडा घातला तर तो दोष ठरतो.

वाक्ये मोडावी लागतात

एवढे झाल्यावर भाषेचे काम उरते, आणि ते आता सोपे असते. मराठी वाक्य ‘करून’, ‘बसवून’, ‘असून’ यांनी लांबत जाते आणि कर्ता वाटेत गळतो. ‘लिव्हर मागे-पुढे करून शेंगा फुटतात’ यात लिव्हर कोण हलवतो ते सांगायची गरज पडत नाही. तेच शब्दशः इंग्रजीत गेले, तर शेंगाच लिव्हर हलवतात असा अर्थ निघतो. म्हणून वाक्य मोडायचे. माणूस लिव्हर हलवतो. रबरी पट्ट्या शेंगा जाळीवर दाबतात. टरफल फुटते. प्रत्येक क्रियेला तिचा कर्ता मिळाला की इंग्रजी आपोआप सरळ येते.

काळाचेही भान ठेवावे लागते. जे केले आणि मोजले ते भूतकाळात येते, निबंध काय मांडतो ते वर्तमानकाळात. ‘तासाला ४० किलो फोडले जातात’ हे मराठीत नेहमीचे सत्य असल्यासारखे वाचले जाते. इंग्रजीत ते ‘चाचणीत फोडले’ असे भूतकाळात आले पाहिजे, कारण ते त्या दिवशीच्या त्या शेंगांपुरते खरे आहे.

क्रमही उलटा धरणे सोयीचे असते. आधी निष्कर्ष इंग्रजीत करावेत, प्रत्येक निष्कर्षापुढे नोंदवहीतला तक्ता क्रमांक पेन्सिलने लिहावा, आणि ज्याला तक्ता मिळत नाही तो निष्कर्ष काढून टाकावा. मग उरलेल्यांतून गोषवारा रचावा. बऱ्याच परिषदा गोषवाऱ्याला दीडशे ते अडीचशे शब्दांची मर्यादा घालतात. आपल्या उदाहरणात तो असा बसतो. एका वाक्यात अडचण: लिव्हरच्या यंत्रात दाणे तुटतात. एका वाक्यात बदल: लोखंडी दातांच्या जागी रबरी पट्ट्या, फट १४ ऐवजी १६ मिलिमीटर. दोन वाक्यांत चाचणी: किती शेंगा, किती फेऱ्या, किती माणसे, शेंगांची स्थिती. तीन वाक्यांत मिळालेले आकडे: शेलिंग एफिशियन्सी ९४ टक्के, दाण्यांच्या वजनात तुटफूट ११ वरून ७ टक्के, पाखडणे वगळून तासाला ४० किलो शेंगा. शेवटी एका वाक्यात मर्यादा. मूळ मराठी गोषवाऱ्यातले पहिले आणि शेवटचे वाक्य यात उरत नाही, आणि मूळ गोषवाऱ्यात नसलेल्या चार गोष्टी आत येतात. गोषवारा एकटाच वाचला जातो, म्हणून त्यात आकृती क्रमांक, संदर्भ किंवा न उलगडलेली लघुरूपे ठेवत नाहीत.

तयार झालेले इंग्रजी तपासायची एक साधी रीत आहे. प्रकल्प न पाहिलेल्या पण विषय जाणणाऱ्या एखाद्याला ते वाचायला द्यावे आणि त्याला काय कळले ते मराठीत सांगायला लावावे. तो ‘तासाला चाळीस किलो दाणे’ म्हणाला, की कोणते वाक्य फसले ते लगेच समजते. हे काम दुसऱ्या विभागातल्या वर्गमित्राकडूनही होते.

एप्रिलमध्ये परिषदेसाठी धावपळ करणाऱ्या गटांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी एवढे करावे. भाषांतर करणाऱ्याच्या हाती नुसते गोषवाऱ्याचे पान देऊ नये. त्याच्यासोबत नोंदवही, सूत्रांचे पान आणि यंत्राची मापे टाकलेली आकृती द्यावी. त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ज्याने वजनकाट्यावर शेंगा तोलल्या त्याच विद्यार्थ्याने द्यावीत. आणि इंग्रजी करताना सापडलेल्या दुरुस्त्या मराठी अहवालातही करून घ्याव्यात, कारण पुढच्या वर्षीचा गट तोच अहवाल ग्रंथालयातून काढून आपले काम सुरू करणार आहे.